विझायचा राहिलेला दिवा

आमच्या वायरमनला लोक वायरमन म्हणतात, पण तो घरांच्या वायरींचं काम करत नाही. तो गाड्यांचं इलेक्ट्रिक बघतो. एकाच पत्र्याच्या शेडमध्ये डावीकडे त्याचं टेबल आणि उजवीकडे माझं टायरचं दुकान. मधे भिंत नाही, फक्त फरशीवर पिवळ्या रंगाची एक रेघ आहे. ती माझ्या नवऱ्याने मारली होती. "दोस्ती वेगळी, धंदा वेगळा. रेघेपलीकडच्या कामात नाक खुपसायचं नाही," असं तो म्हणायचा. नवरा गेला, दुकान माझ्याकडे आलं, आणि रेघही माझ्याकडे आली.

मी त्याला भाऊजी म्हणते, तो मला वहिनी म्हणतो. बावीस वर्षं झाली. माणूस उंच, खांद्यात वाकलेला, बोलायला महाकंजूस. गिऱ्हाइकाने दहा प्रश्न विचारले तर हा एकाचं उत्तर देणार, तेही हातातला पाना न ठेवता. चहा प्यायचा तो कोमट करून. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची माझ्या नवऱ्याचीही छाती झाली नाही, आणि तो माणूस वाघाच्या तोंडात हात घालणारा होता. भाऊजींच्या कामाची निळी पत्र्याची पेटी आहे, वडिलांच्या वेळची. दर वर्षी तिला नवा रंग देतो. या वर्षी मात्र दिला नाही. झाकणावर तळहाताएवढा रंग उडालाय, खालचा पत्रा दिसतो, आणि तो तसाच राहू दिलाय.

त्याच्या कामात एक प्रकार नेहमीचा. लोक गाडी घेतात आणि लावून ठेवतात. कोणी परगावी जातं, कोणी आजारी पडतं, कोणाचं भांडण होतं. मग सहा-आठ महिन्यांनी आठवण येते, किल्ली फिरवतात आणि गाडी हूं की चूं करत नाही. घड्याळ, अलार्म, आतली बारीकसारीक यंत्रं थोडं थोडं पीत राहतात आणि बॅटरी कोरडी ठणठणीत होते. टायरमधली हवाही अशीच गुपचूप उतरते. त्यामुळे अशा गाडीसाठी आम्ही दोघं बरोबर जायचो. बॅटरी त्याची, हवा माझी.

आणि मग दिव्यांचा गोंधळ. पडलेल्या बॅटरीवर गाडी पहिल्यांदा चालू केली की डॅशबोर्डवर नुसती रोषणाई होते. स्टेअरिंगचा दिवा, घसरणाऱ्या गाडीचा दिवा, एबीएसचा पिवळा, त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल. करंट कमी पडला की गाडीतल्या यंत्रांची डोकी फिरतात, आणि जे नीट आहे तेही बिघडलंय असं ती सांगत सुटतात. नवखा माणूस घाबरून उतरूनच जातो. भाऊजी घाबरत नसे. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, गाडी दहा-वीस पावलं चालवायचा, आणि एकेक दिवा विझत जायचा. "खोटे दिवे आहेत, जातील," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मीही ते उचललं होतं. माझा हवेचा दिवासुद्धा टायर भरल्याबरोबर विझत नाही, थोडी गाडी चालल्यावर विझतो. बावीस वर्षांत आम्ही हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. आणि दर वेळी ते खरं ठरलं. तिथेच घात झाला.

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे शाळेत गणित शिकवायच्या त्या, आता निवृत्त. त्यांच्या यजमानांना साहेब म्हणायचे. साहेबांना त्याच्या आठ महिने आधी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण शब्द ओठावर येत नसे. गाडी तेच चालवायचे. सात वर्षं दर रविवारी स्वतः पुसायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. ते पडले तेव्हापासून गाडी इमारतीच्या तळघरात उभी होती.

"सोमवारी दहा वाजता इस्पितळात पहिली वेळ मिळालीय," बाई म्हणाल्या. "बोलायला शिकवतात तिथे. पाच महिने नंबर लावून बसले होते. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटीला. भाड्याची गाडीवाले यांना बघून पुढे निघून जातात. मी चालवीन हो, परवाना आहे माझ्याकडे. तुम्ही फक्त चालू करून द्या."

आता त्याच आठवड्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं खोटं होईल. बुधवारी एका गिऱ्हाइकाच्या गाडीखाली मला एक तुटकी क्लिप दिसली होती आणि मी भाऊजींना सांगितलं. तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, तुम्ही हवा बघा." गिऱ्हाईक हसलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तीन दिवस मी त्याला चहा विचारला नाही. शनिवारी आम्ही त्याच्या व्हॅनमधून गेलो तेव्हाही माझ्या तोंडाला कुलूप होतं.

तळघरात अंधार आणि ओल. वरच्या नळातून एका जागी टपटप पाणी गळत होतं. गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. हँडब्रेक आठ महिने वर ओढलेला. भाऊजीने बोनेट उघडलं, मीटर लावला. चार व्होल्ट. "मेली," तो म्हणाला. केबल लावून गाडी आधी चालू करून बघितली, मग व्हॅनमधली नवी बॅटरी बसवली. सगळे दिवे लागले. बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अहो, हे काय सगळं?"

"खोटे दिवे आहेत, जातील."

मी माझं काम करत होते. चारही टायर बसलेले, कुठे बारा, कुठे पंधरा, आणि हवे होते तेहेतीस. भरले. एक माझी सवय आहे. बराच काळ उभ्या राहिलेल्या टायरच्या आतल्या बाजूने मी हात फिरवते, कारण चीर पडते ती तिकडे आणि डोळ्याला दिसत नाही. मागच्या डाव्या चाकाला हात फिरवला तर बोटं ओली झाली. नळाचं पाणी असेल म्हटलं. पण नळ गळत होता गाडीच्या पुढच्या बाजूला. आणि पाणी इतकं बुळबुळीत नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी बोटं नाकाशी नेली, काहीतरी मासळीसारखा उग्र वास आला. मी भाऊजीकडे बघितलं. तो स्टेअरिंगवर वाकलेला. तोंड उघडलंही होतं मी. मग बुधवार आठवला. म्हटलं, मी हवा बघते ना, मग हवाच बघते. फडक्याला हात पुसले आणि ते फडकं त्याच्या निळ्या पेटीच्या झाकणावर फेकलं. चिडून फेकलं.

एवढंच. अर्धा मिनिटसुद्धा नाही.

मागची चाकं आधी हलेनात, आठ महिने दाबलेले ब्रेक चिकटले होते. गाडी मागेपुढे झटकली तसा ठण्‌ आवाज होऊन सुटले. भाऊजीने तळघरात दोन फेऱ्या मारल्या. स्टेअरिंगचा दिवा गेला. एबीएसचा गेला. ब्रेकचा लाल तेवढा राहिला. त्याने हँडब्रेक चार वेळा वरखाली केला, दिवा हलला नाही. "स्विच अडकलाय लिव्हरखालचा, ओलीने होतं. मंगळवारी येऊन सोडवतो. तोवर चालवा," तो म्हणाला. बॅटरी पुन्हा एकदा आवळायला त्याने बोनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती, धुळीने काळी झालेली. अंगठ्याने पुसली असती तर आतलं ऑइल तळाला गेलेलं दिसलं असतं. त्याने पुसली नाही. नवशिक्याने पुसली असती. नवशिका दिव्याला घाबरतो ना.

सोमवारी काय झालं ते वॉचमनने सांगितलं. त्याने आणि बाईंनी मिळून साहेबांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. गाडी चालू केल्याबरोबर साहेब चाळवले. चांगला असलेला डावा हात आडवा नेऊन स्टेअरिंगमागच्या काचेवर बडवायला लागले. तोंडातून नुसता आवाज. वॉचमनला वाटलं, आजारी माणूस, कातावलाय. बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन खाली ठेवला आणि वॉचमनला म्हणाल्या, "दिवा दिसतोय ना त्यांना. अहो, वायरमननी सांगितलंय, जाईल तो."

शाळेपुढचा उतार संपतो तिथे डावं वळण आहे आणि कोपऱ्यावर वाळूचा ट्रक उभा असतो. बाईंनी ब्रेक दाबला तो पार खाली गेला.

नंतर गाडी तपासली त्या माणसाने भाऊजीला समजावून सांगितलं, आणि भाऊजीने मला, एकदाच. मागच्या डाव्या चाकातलं रबर उभ्या उभ्या कडक झालं होतं, तिथून ऑइल थेंब थेंब पाझरत होतं. डबी रिकामी होत आली म्हणून लाल दिवा लागला होता. तो पहिल्यापासून खरा होता, खोट्यांच्या घोळक्यात उभा होता इतकंच. ब्रेकचे दोन भाग असतात, एक गेला तरी दुसरा धरतो. पण पेडल खूप खाली जातं आणि पायात दुप्पट जोर लागतो. बाईंना वाटलं ब्रेक गेलाच. त्यांनी पाय काढला आणि हँडब्रेक ओढला, तर ज्या चाकात ऑइल पडलं होतं ते चाक धरेना. जोराने दाबून ठेवलं असतं तर गाडी थांबली असती. हे त्यांना कोणी सांगायचं होतं? आम्हीच.

बाई जागच्या जागी गेल्या. ट्रकचा कोपरा त्यांच्याच बाजूने आत आला. साहेबांना चार टाके पडले.

भाऊजी पोलीस ठाण्यात आपणहून गेला. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, पण गाडी जुनी होती, देखभाल नव्हती असं त्यांचं आधीच ठरलं होतं. "काका, घरी जा," म्हणाला. मग भाऊजी बाईंच्या मुलीकडे गेला. ती परगावची नोकरी सोडून बापाजवळ राहायला आली होती. दारात उभं राहूनच त्याने सांगितलं, तो दिवा मी खोटा म्हटला होता. तिने दार लावून घेतलं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "दर मंगळवारी बाबांना न्यायला व्हॅन आणा. माफ केलंय असं समजू नका."

तेव्हापासून वर्षभर, एकही मंगळवार चुकवला नाही त्याने. मागच्या सीटवर साहेबांना उचलून बसवायचं, पट्टा लावायचा, इस्पितळात न्यायचं, बाहेर बाकावर बसायचं, परत आणायचं. काम मात्र अर्ध्यावर आलं. आता कोणाचीही गाडी आली की पहिल्यांदा ब्रेक ऑइलची डबी पुसतो. हॉर्न वाजत नाही म्हणून आलेल्याचीही पुसतो. लोक हसतात. बैल गेला आणि झोपा केला, असं एक जण तोंडावर म्हणाला. भाऊजीने मान हलवली आणि डबी पुसत राहिला. मी त्या गिऱ्हाइकाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी जाऊन आरशात बघितलं तेव्हा मला माझीच शिसारी आली.

कारण मी गप्प होते. पहिल्या दिवशी हिंमत नव्हती. मग पोलिसांचं झालं. मग वाटलं, आता बोलून काय बाई परत येणार? रोज एक नवं कारण मिळायचं, आणि मी रोज ते घ्यायचे. तो उन्हात व्हॅन धुताना दिसला की मी टायर लोटत आत जायचे. तो वाळत चालला होता. त्याला वाटत होतं सगळं त्याच्या एकट्याच्या हातून झालं, आणि मी ते तसं वाटू देत होते. याला दुसरा शब्द नाही, मी भित्री आहे.

परवाच्या मंगळवारी साहेबांना सांभाळणारा माणूस आला नाही. भाऊजीची कंबर धरली होती. "वहिनी, जरा हात लावता का?" त्याने विचारलं. वर्षात पहिल्यांदा त्याने रेघेपलीकडून काही मागितलं. मी गेले.

साहेब हलके झालेत. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीत बसवलं. शिकवणाऱ्या मॅडम तरुण आहेत, हसऱ्या. "आज दोघंही आत बसा," म्हणाल्या. खोलीत एक टेबल, चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा. वर्षभरात साहेबांना "हो", "नको" आणि पाचपर्यंतचे आकडे आले होते. मॅडम एकेक चित्र दाखवत होत्या. घर. मांजर. साहेबांचे ओठ हलायचे, कपाळावरच्या शिरा फुगायच्या, शब्द यायचा नाही. मग टोमॅटोचं चित्र आलं.

"नाव राहू द्या. रंग सांगा. कुठला रंग?"

साहेबांनी चित्राकडे बघितलं. मग मान वळवून भाऊजीकडे बघितलं.

"ला," ते म्हणाले. "ला... लाल."

"शाब्बास!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

"लाल," साहेब पुन्हा म्हणाले, आणि डावा हात टेबलावर आपटला. "लाल. लाल. लाल." प्रत्येक वेळी हात टेबलावर. पत्ते खाली पडले. मॅडम आनंदाने काहीतरी लिहून घेत होत्या. भाऊजी उठला नाही, त्याने डोळेही पुसले नाहीत. फक्त "हो साहेब, लालच होता," एवढं म्हणाला.

येताना व्हॅनमध्ये मी पुढे बसले होते. शाळेचा उतार आला. तो वाटेत टाळता येतो, पण भाऊजी टाळत नाही. ट्रक आजही तिथेच उभा होता. मी बोलून टाकलं.

"भाऊजी, मागचं डावं चाक ओलं होतं. माझ्या हाताला लागलं होतं त्या दिवशी. वास पण आला होता. मी तुमच्यावर चिडले होते म्हणून बोलले नाही."

त्याने गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही फडकं टाकलं होतं माझ्या पेटीवर. दोन दिवस तसंच राहिलं. अपघातानंतर उचललं तर खालचा रंग सोलून निघाला. पाण्याने रंग निघत नाही, वहिनी. ब्रेक ऑइलने निघतो."

मी त्या उडालेल्या रंगाकडे वर्षभर बघत आले होते. वाटायचं, पेटी जुनी झाली.

"मग बोलला का नाहीत?" मला राग आला, खरंच राग आला. "वर्षभर एकट्याने का वाहिलंत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "आणि बुधवारी तुम्हाला गप्प बसवलं होतं मीच."

मागून काहीतरी आवाज झाला. साहेब मागे बसलेत हे मी विसरलेच होते. ऐकू येतं त्यांना, कळतं सगळं. मी वळून बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी नजर खाली घातली नाही, एवढं मात्र केलं.

घर आलं. आम्ही त्यांना उचलून जिना चढलो. मुलीने दार उघडलं, बापाला आत घेतलं, खुर्चीत बसवलं. भाऊजी नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेरच थांबला, तिने अजून त्याला आत बोलावलेलं नाही. ती दार लावायला परत आली तेव्हा मी त्यावर हात ठेवला.

"मी टायरवाली," मी म्हटलं. "त्या शनिवारी मीही होते तिथे. तुम्हाला एक सांगायचंय."

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग भाऊजीकडे. आतून साहेबांचा हात खुर्चीच्या दांडीवर आपटल्याचा आवाज आला, आणि मग तो एकच शब्द, आता स्पष्ट: "लाल."

"सांगा," ती म्हणाली. दार तिने धरूनच ठेवलं होतं.